हवालदारांची गाडी ऑफ रोड

आमच्या मालकांना उंब्रजात सगळे हवालदार म्हणतात, म्हणून मीही हवालदारच म्हणते. हंबीरराव हे नाव मी उखाण्यात घेतलं तेवढंच. फौजेत त्यांनी बंदूक कमी चालवली आणि ट्रक जास्त. डोंगरातल्या ठाण्यांना रसद पोचवणाऱ्या गाड्यांचे ते डायवर होते. एकामागं एक गाड्यांचा ताफा निघायचा आणि त्यात पहिली गाडी ह्यांची. पहिली गाडी म्हणजे काय, ते मला लग्नानंतर जेजुरीला जाताना कळलं. हे पुढं, मी मागं, आणि मध्ये एवढं अंतर की लोकांना वाटावं ही बाई एकटीच आलीय.

रिटायर होऊन घरी आले, पण पलटण काही अंगातून उतरली नाही. फौजेत संध्याकाळी बंदुका ज्या खोलीत जमा करतात तिला कोत म्हणतात. आमच्या घरातली कोत म्हणजे पलंगाखालची काळी ट्रंक. दिवस मावळला की हाताला लागेल ती वस्तू तिच्यात जमा. बॅटरी जमा, अडकित्ता जमा, कात्री जमा. किल्ली करदोट्याला. एकदा पाहुणे ताटावर बसले आणि माझी पळी सापडेना.

"आवं, पळी बघितली का?"

"जमा हाय. सकाळी सहाला मिळंल."

पाहुण्यांनी आमटी वाटीनं वाढून घेतली. परत आमच्याकडं जेवायला आले ते दुपारचेच.

असा माणूस गुडघे गेल्यावर काय करणार? ट्रॅक्टरचा क्लच दाबता येईना, तसं उसाचं रान वाट्यानं दिलं. मग दिवसभर ओसरीत बसून हायवेवरच्या ट्रकवाल्यांना शिव्या. "ह्येला गियर टाकाया कुणी शिकवलं?" अर्ध्या मैलावरच्या ट्रकचा आवाज ऐकून हे घरात बसून रागवायचे. मला वाटलं, आता ह्यांचं डोकं फिरणार, नाहीतर माझं.

आमचा मुलगा उदयसिंह पण फौजेत आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं त्याचा कॉम्प्युटर इथंच ठेवला आणि त्यात ट्रक चालवायचा गेम घालून दिला. सोबत टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि खाली पायाला दाबायचे पॅडल. पॅडल हलके, गुडघ्याला त्रास नाही. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "ह्ये पोराटकीचं खेळणं." दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर आतून हॉर्न वाजला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "च्या हितं आण. मी घाटात हाय."

तेव्हापासून घरात सुख आलं. गेम सुरू करायच्या आधी हे टोपी घालतात, टेबलाला एक चक्कर मारतात आणि टेबलाच्या चारी पायांना एकेक लाथ मारून बघतात, टायर तपासल्यासारखी. मग खुर्चीत बसतात. मी विचारलं, "टेबल पंक्चर हुतंय व्हय?" तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं."

हळूहळू पलटणीतले जुने डायवर पण त्याच गेममध्ये सापडले. एक साताऱ्याचे हरिबा. दुसरे विट्याचे आकाराम. पण ते आता विट्यात नसतात, पोरांचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान आहे, तिथं राहतात आणि इडली खाऊन पोट सुटलं म्हणून रडतात. आणखी पाचसात जण. प्रत्येक जण आपापल्या घरात, कानाला हेडफोन, आणि रविवारी सकाळी पोहे झाले की पडद्यावर सगळ्यांचा ताफा. नातवंडं त्यांना हसतात. ते नातवंडांना हसतात.

ताफ्याचा एक नियम होता, त्यांचा त्यांनीच केलेला. ज्याची गाडी ऑफ रोड पडली, म्हणजे चालेना झाली, त्याचा नंबर शेवटी. पहिलीच गाडी पडली तर पहिली जागा दुसऱ्याला. परत पाहिजे असेल तर पुढच्यांच्या गाड्या बंद पडायची वाट बघत बसायचं. पहिली गाडी आमच्या हवालदारांची आणि दुसरी आकाराम भाऊजींची. बिचाऱ्यानं नोकरीत सगळा जन्म ह्यांच्या गाडीचे मागचे लाल दिवे बघत काढला, आणि म्हातारपणी मदुराईत बसूनही तेच दिवे. तो माणूस देवाकडं काय मागत असेल, ते मला न सांगता कळत होतं.

यंदा पलटणीचा स्थापना दिवस रविवारी आला. मोठा ताफा ठरला. हवालदार टोपीला इस्त्री करून बसले.

त्याच आठवड्यात एक बातमी आली. साताऱ्याच्या हरिबांच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला आणि नातवाच्या बारशाचे फोटो, पेन्शनचे कागद, सगळं साफ. हे ऐकून आमच्या हवालदारांची झोप उडाली. सून घरी नव्हती. संयोगिता साताऱ्याला कारखान्यात स्टोअरला कामाला आहे, सकाळच्या एस.टी.नं जाते ती दिवेलागणीला येते. ती नसताना ह्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला आणि तो थांबवत थांबवत कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. मग एक पेन ड्राइव्ह उपसून काढला, मला दाखवला, आणि म्हणाले, "आता व्हायरस येऊ दे न्हाईतर त्येचा बाप येऊ दे. माझं सगळं कागद ह्यात. आणि ह्यो कोतात." ट्रंक उघडली, पेन ड्राइव्ह एका पायमोज्यात घातला, पायमोजा ट्रंकेत, किल्ली करदोट्याला.

"संयोगिताला बोलू नगंस," म्हणाले. "ती म्हणती, मामा, त्यात बोटं घालू नका."

मला काय, कागद ट्रंकेत गेले एवढंच कळलं. असे लय कागद गेलेत त्या ट्रंकेत.

दुसऱ्या दिवशी टोपी घातली, टेबलाला लाथा मारल्या, गेम लावला. पडदा काळा झाला, गेमचं नाव चमकलं, आणि गपकन सगळं बंद. परत पहिल्यासारखं, मागं लावलेला बर्फातल्या ट्रकचा फोटो.

"स्टार्ट घेईना!" हे ओरडले. मला वाटलं कोण पडलं.

दहा वेळा लावून बघितलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग गेम पुसून टाकला आणि परत घातला. त्याला सगळी दुपार गेली, कारण आमच्याकडं नेट असं येतं जसा उन्हाळ्यात नळ. शेवटी सगळं झालं, गेम लावला, नाव चमकलं, गप. त्या दिवशी ह्यांनी दुपारचं जेवण घेतलं नाही आणि मी आग्रह केला नाही, कारण वांगं ह्यांच्या आवडीचं नव्हतं.

संध्याकाळी संयोगिता आली. तिनं पर्स पण ठेवली नाही, उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. आमच्या कॉम्प्युटरात उदयनं दोन अकाउंट करून दिलीत, एक हवालदारांचं, एक संयोगिताचं. म्हणजे घर एक, पण प्रत्येकाची खोली वेगळी. तिनं ह्यांची खोली बंद केली, आपली उघडली, तिथून तोच गेम लावला. ढर्रर्र करून ट्रकचं इंजिन सुरू.

हवालदारांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"गाडी तीच, रस्ता त्योच," ते म्हणाले, "आन तुझ्या हातानं चालती, माझ्या हातानं न्हाई?"

"हाताचा काय संबंध न्हाई, मामा. माझ्या अकाउंटवर चालतोय, तुमच्या अकाउंटवर मोडतोय."

"मग तुझ्यातच चालवतो."

बसले. पण तिच्या अकाउंटवर ह्यांचं काहीच नव्हतं. वर्षभर राबून गोळा केलेले ट्रक, हुद्दा, सगळं ह्यांच्या खोलीत. इथं एक भाड्याचा ट्रक आणि नवशिक्या डायवर. हवालदार ताडकन उठले. "ह्यो घिऊन मी ताफ्याच्या म्होरं जाऊ? लोक शेण घालतील तोंडात."

कराडच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्यानं पुरतं ऐकलंही नाही. म्हणाला, ग्राफिक कार्ड गेलंय, घेऊन या.

संयोगिता हसली. "कार्ड गेलं असतं तर माझ्या अकाउंटवरबी बंद पडलं असतं की. कार्ड काय तोंड बघून चालतंय?"

ती आत गेल्यावर हे माझ्या कानाशी आले. "मला वाटतंय, इंजिन बसावं म्हणून सुनंनं माझ्या टाकीत साखर घातली."

"कशाला घालंल?"

"परवा मी तिची हेअर-पिन जमा किली हुती."

म्हणजे संशयाला जागा होती.

सकाळी माझ्या फोनवर आकाराम भाऊजी. एरवी वर्षात एकदा, संक्रांतीला. "काय वहिनी, बरं हाय नव्हं? ऊस गेला का? आन भाऊंची गाडी?"

गेममध्ये कोण आलं, कोण नाही, ते सगळ्यांना दिसतं म्हणे. आमच्या हवालदारांचा दिवा लागला नव्हता, आणि मदुराईत वास गेला होता.

"गाडी बरी हाय, भाऊजी," मी म्हणाले. "डायवर जरा बिघडलाय."

"आसं म्हणता? बरं, बरं. रविवारी इचारतोच त्येंला." आणि असे गोड हसले की मला वाटलं, आत्ताच पेढे वाटून आलेत.

मी हे हवालदारांना सांगितलं. ते ओसरीत फेऱ्या मारायला लागले. "आकाराम म्होरं! आगं, त्येला उजवं डावं कळत न्हाई. सगळी पलटण घिऊन समुद्रात घालंल त्यो." मग थांबून, हळूच: "संयोगिता कवा येती?"

संयोगिता आली तेव्हा चहा तयार होता, आणि तो ह्यांनी स्वतः गाळला होता. लग्न होऊन आल्यापासून तिला हे बघायला मिळालं नव्हतं. तिनं चहा पिला, मला डोळा घातला आणि बसली.

"मामा, आमच्या कारखान्यात एखाद्याच्या लॉगिनला काय चालंना झालं की आयटीवाला आधी एक कोरं अकाउंट काढतो. माझ्या अकाउंटवर चालतंय, पण मीबी त्यात वर्षभर काय काय केलंय. त्यावरनं पक्कं कळत न्हाई. ज्याला कुणी हात लावला न्हाई असं पायजे. त्यात चाललं, तर कॉम्प्युटर चांगला, गेम चांगला, आन दुखणं तुमच्या अकाउंटमधल्या कशात तरी. त्यातबी मोडलं, तर मग बाहेर बघायचं."

"म्हंजे नवा रंगरूट भरती करायचा," हवालदार म्हणाले.

"तसंच."

तिनं तिसरं अकाउंट काढलं आणि त्याला नाव दिलं रंगरूट. ह्यांच्या अकाउंटला घरातले सगळे अधिकार होते, म्हणून रंगरुटालाही तेवढेच दिले. नाहीतर म्हणे उद्या शंका येईल की फरक अधिकाराचा होता. मग रंगरुटाच्या खोलीतून गेम लावला.

ढर्रर्र.

"बघा," संयोगिता म्हणाली. "मशीन ठीक, गेम ठीक. परत घालून उपयोग का झाला न्हाई तेबी कळलं. गेम पुसला तरी तुमच्या खोलीतलं तसंच ऱ्हातंय. तिथंच कायतरी हाय."

"म्हंजे दोष माझा?"

"तुमचा न्हाई, तुमच्या अकाउंटचा."

"अकाउंट माझंच हाय की!"

"मग सांगा, ह्या आठवड्यात काय बदललं त्यात?"

"काय न्हाई."

"काय घातलं, काय काढलं, कुठं हलवलं?"

"काय न्हाई." ह्यांनी छताकडं बघितलं. छताला आमच्या पाली आहेत, त्या पण बघायला लागल्या.

फौजेतला माणूस. एकदा काय न्हाई म्हणाला की शत्रूनं नखं उपटली तरी काय न्हाई. संयोगितानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "आगं, इचारून कुणी सांगतंय का. नव्या घरात ठिव त्येंला, आन बघ कुठलं काचभांडं फुटतंय."

तिला ते पटलं. म्हणाली, "मामा, उद्या दिवसभर रंगरुटातच बसा. तुमच्या मनासारखं करून घ्या सगळं. एक काम केलं की एकदा गेम लावून बघायचा. कुठल्या कामानंतर मोडतो ते ध्यानात ठेवा."

शनिवारी सकाळपासून हवालदार कामाला लागले. बर्फातल्या ट्रकचा फोटो लावला, गेम चालला. स्टिअरिंगची मोजमापं घातली, चालला. आवाज वाढवला, अक्षरं मोठी केली, चालला. हेडफोन लावून हरिबांशी बोलले, चालला. प्रत्येक वेळी मला ओसरीतून आत हाक. "आलीस का? बघ, चालतोय." माझी शेंगा फोडायची राहिली.

दुपारी बघते तर ट्रंक उघडी. पायमोज्यातून पेन ड्राइव्ह बाहेर, आणि हे परत मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत काहीतरी करतायत.

"आवं, ह्ये काय?"

"रंगरुटाला शिस्त नगं व्हय? कागद सगळ्याचंच जपायचं आसत्यात."

ते झालं, गेम लावला आणि असे ओरडले की गोठ्यातली म्हस उठून उभी राहिली. त्यांचे सगळे ट्रक परत आले होते! वर्षभराचे, एक ना एक. हुद्दा सुद्धा. रंगरुटाच्या खोलीत ते कसे आले, हे त्यांनी विचारलं नाही. हरवलेली म्हस दारात आली तर कोण विचारतं कुठल्या रस्त्यानं आलीस. दोन तास गाडी चालवली, घाटात गाणं म्हणाले, मला म्हणाले, "आकारामला सांग, पहिली गाडी ऑन रोड."

"तुमीच सांगा उद्या," मी म्हणाले.

दिवस मावळला. बॅटरी जमा, अडकित्ता जमा. पेन ड्राइव्ह पायमोज्यात, जमा.

संयोगिता आली तशी हे दारातच. "ये, ये. तुझी विद्या नगं आता. माझं मीच दुरुस्त किलं. बस हितं, बघ." टोपी घातली, चारी लाथा मारल्या, ऐटीत खुर्चीत बसले आणि गेम लावला.

पडदा काळा. नाव चमकलं. गपकन बंद.

हवालदार तसेच बसले, स्टिअरिंगवर हात. आणि संयोगितानं टाळ्या वाजवल्या.

"हसतीस काय!"

"मामा, लय चांगलं झालं. काल कोरा रंगरूट ठणठणीत हुता. आज त्येला तुमचाच रोग लागला. म्हंजे रोग तुमी आज दिवसाभरात केलेल्या कशात तरी हाय. शेवटी कवा चालला?"

"दुपारी. झ्याक चालला. माझं सगळं ट्रकबी आलं हुतं."

संयोगिता हसायची थांबली. "तुमचं ट्रक? रंगरुटात? त्यात तर भाड्याचा एकच हुता. कुठनं आलं?"

हवालदारांनी छताकडं बघितलं.

ती खुर्ची ओढून बसली आणि डॉक्युमेंट लिहिलेलं एक पिवळं खोकं उघडायला गेली. ते उघडलं नाही. एक पाटी आली. तिनं ती वाचली, मग वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "मामा, ह्यो म्हणतोय, ई नावाची जागा सापडत न्हाई. ई कुठं हाय?"

हवालदार टोपी काढून तिची इस्त्री तपासायला लागले.

"आगं, पेन ड्राइव्ह असंल," मी म्हणाले. "पायमोज्यातला."

"फितूर," हवालदार माझ्याकडं बघून म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. संयोगितानं मला समजावून सांगितलं ते असं. प्रत्येकाच्या खोलीत एक कपाट असतं, त्याला डॉक्युमेंट म्हणतात. हा गेम सुरू होताना आधी त्या कपाटात हात घालतो. माणसाचे ट्रक, हुद्दा, स्टिअरिंगची मोजमापं, सगळं तिथं ठेवतो. ह्यांना वाटलं व्हिडिओ बघून कागदांची नक्कल काढली. नक्कल नव्हती ती. ह्यांनी अख्खं कपाटच उचलून पेन ड्राइव्हवर नेलं आणि कॉम्प्युटरला सांगितलं, माझं कपाट इथून पुढं ह्यातच. आणि संध्याकाळी पेन ड्राइव्ह उपसून ट्रंकेत. सकाळी गेम येतो, कपाटात हात घालतो, तर कपाटच नाही. पडतो तोंडावर. संयोगिताचं कपाट जागच्या जागी, म्हणून तिच्याकडं चालला. रंगरुटाचंही जागेवर होतं तोवर चालला. दुपारी ह्यांनी रंगरुटाचं कपाट नेऊन आपल्याच कपाटाला जोडलं, म्हणून त्याला ह्यांचे ट्रक दिसले. मग दिवस मावळला.

"म्हंजे," मी म्हणाले, "ह्येंनी पळी जमा किली."

"आख्खं सैपाकघर, आत्या," संयोगिता म्हणाली. "चला मामा, किल्ली काढा. तो पेन ड्राइव्ह लावला की पाच मिंटाचं काम हाय."

आणि आता ऐका. हवालदार म्हणाले, "कोत सकाळी सहाला उघडंल."

"मामा, उद्या ताफा हाय."

"नियम म्हंजे नियम."

"आन सकाळी नेट गेलं, लाईट गेली, मग? आकाराम भाऊजी म्होरं."

हे नाव ऐकून त्यांच्या मिशा हलल्या. मी सुपारी कातरायला घेतली असती, पण अडकित्ताही आतच. म्हणून नुसतीच म्हणाले, "आवं, फौजेत रात्री हल्ला झाला तर काय सकाळी सहापातूर थांबत्यात? का कुणी मोठा साहेब हुकूम देतोय?"

"कमांडरचा हुकूम लागतो."

"हितं कमांडर कोण?"

ते छाती काढून स्वतःच म्हणाले, "मी." आणि करदोट्याची किल्ली सोडायला आत गेले. आतून बराच वेळ खुडबुड आणि शिव्या ऐकू आल्या, कारण गाठ फौजी होती. संयोगिता आणि मी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसलो.

पेन ड्राइव्ह लावला. रंगरुटात गेम सुरू. मग ह्यांचं स्वतःचं अकाउंट उघडलं; तिथंही सुरू, सगळ्या ट्रकांसकट. पण संयोगिता तिथं थांबली नाही. तिनं कपाट परत मूळ जागी आणलं, आतलं सगळं सामान त्याच्यासोबत आणलं, पेन ड्राइव्ह उपसून हातात धरला आणि म्हणाली, "आता लावा."

ढर्रर्र.

"आता हा खरा बरा झाला. कागदाची नक्कल करून देते पेन ड्राइव्हवर, ती खुशाल जमा करा. असल घरातच ऱ्हाऊ दे."

"आन रंगरूट?"

"त्येचं काम झालं. काढून टाकते."

"थांब," हवालदार म्हणाले. "पोरगं कामाचं हुतं. ऱ्हाऊ दे म्हैनाभर, पेन्शन न्हाई दिली तरी चालंल."

रविवारी सकाळी पोहे झाले. टोपी, चक्कर, लाथा. पडद्यावर एकामागं एक सगळ्यांचे ट्रक येऊन उभे राहिले. हेडफोनचा आवाज मोठा ठेवतात, म्हणून मला खाटेवर बसून सगळं ऐकू येत होतं. हजेरी हरिबा घेत होते.

"पहिली गाडी?"

हवालदारांनी स्टिअरिंग पुसायला घेतलं. मी शेंग फोडायची थांबले. नुसतं ऑन रोड म्हणायचं होतं. गाडी समोर धडधडत होती, कुणाला काय कळणार होतं? मदुराईला संशय होता, पुरावा नव्हता. आणि मी काही परत फितूर होणार नव्हते. एका आठवड्यात किती वेळा व्हायचं.

"पहिली गाडी?" हरिबा परत म्हणाले.

"पहिली गाडी ऑन रोड," हवालदार म्हणाले. मग खाकरले. "पर मधी ऑफ रोड हुती. काल सांजंपातूर."

"कारण?" हे आकाराम भाऊजी. आवाजात साखर.

"डायवरनं गाडीचं सगळं सामान उचलून कोतात जमा किलं."

आधी कुणालाच कळलं नाही. मग एकेकाला कळत गेलं तसतसं कुणी खोकायला लागलं, कुणी टेबल बडवायला लागलं. हरिबांना हजेरी पुढं घेता येईना. शेवटी म्हणाले, "नियमापरमानं हंबीर शेवटी. आकाराम म्होरं."

हवालदारांनी गाडी मागं घेतली. एकेक ट्रक पुढं जाऊ दिला आणि सगळ्यात शेवटी जाऊन लागले. पाठीमागून मला त्यांची मान दिसत होती, लाल झालेली. मी म्हणाले, "कशाला सांगितलंत?"

"आकाराम न सांगता म्होरं गेला असता तर चोरी झाली असती," ते म्हणाले. "आता नुसतं दुःख हाय."

ताफा निघाला. मदुराईहून आकाराम भाऊजींचे हुकूम चालू. अंतर ठेवा रं, दिवे लावा रं, ओव्हरटेक न्हाई रं. सगळ्या जन्माचं साठलेलं. हवालदार मुकाट्यानं शेवटून चालवत होते आणि पुढच्याच्या लाल दिव्याकडं बघत होते.

मग एक फाटा आला. आकाराम भाऊजी डावीकडं वळले. त्यांच्या मागं हरिबा, हरिबांच्या मागं बाकी सगळे, मेंढरांसारखे. तो रस्ता मला पण ओळखीचा होता. ह्यांनी त्यात एकदा अर्धा दिवस घालवला होता. पुढं दगडाची खाण, आणि खाणीच्या फाटकाला रस्ता संपतो.

"आवं," मी म्हणाले, "तिकडं रस्ता न्हाई की! सांगा त्येंला."

हवालदारांनी हेडफोनच्या माईकवर हात ठेवला. मी इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता; चोरून गूळ खाल्लेल्या पोरासारखा. "मागच्या गाडीनं म्होरच्याला रस्ता सांगायचा नसतो," म्हणाले. "नियम हाय."

आणि स्वतः फाट्यावरच थांबले. आत शिरले नाहीत. सावकाश गाडी पुढं मागं करून तोंड बरोबर वाटेकडं फिरवून घेतलं.

थोड्या वेळानं हेडफोनमधून आलं, "थांबा रं! थांबा! आरं, ढकलू नका मागनं!" मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. मग सगळे एकदम बोलायला लागले. अरुंद रस्ता, मागं लांबलचक डबे जोडलेले ट्रक, एकालाही सरळ मागं येता येईना. कुणी आडवा झाला, कुणी खड्ड्यात गेला, म्हणजे पुढच्या सगळ्याच गाड्या ऑफ रोड. कसेबसे एकेक जण उलटे सरकत बाहेर यायला लागले, आणि फाट्यावर कोण उभं होतं?

हवालदारांनी माईकवरचा हात काढला. टोपी सरळ केली.

"ताफा," म्हणाले, "सावकाश या. माझ्या मागं लागा."

"ए हंबीर!" मदुराईहून आवाज आला. "तुला ठावं हुतं! तुला ठावं हुतं रं, भाड्या!"

"काय म्हणतोयस रं गड्या? लाईन खराब हाय, ऐकू येईना," हवालदार म्हणाले, आणि हॉर्न असा दाबून धरला की संयोगिता केस विंचरत विंचरतच बाहेर आली.